ऑस्ट्रेलियाला जाताना पूरक गोळ्यांच्या बाबतीत या चुका टाळा

माझा दादा आणि वहिनी नोकरीच्या निमित्ताने नाशिकहून मेलबर्नला यायचे ठरले, तेव्हा निघण्याच्या तीन आठवडे आधी वहिनींनी मला एक फोटो पाठवला. मिठाईच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यात गोळ्यांच्या कापलेल्या स्ट्रिपा, व्हिटॅमिन डीच्या चोवीस पुड्या, काष्ठौषधीच्या दुकानातून वजनावर घेतलेले अश्वगंधाचे चूर्ण, च्यवनप्राशची बरणी, अमेरिकेतल्या आत्याने दिलेली झोपेच्या गोळ्यांची बाटली आणि अळिवाची पिशवी असा तो सगळा ऐवज होता. फोटोखाली लिहिले होते, ‘भाऊजी, औषध एकही नाही, सगळी टॉनिकेच आहेत, तेव्हा कस्टम्सचा प्रश्न येणार नाही ना?’

मी इथे फार्मसीत काम करतो आणि हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारतेच. त्याचे उत्तर त्या डब्यातल्या एकेका वस्तूवरून देणे सोपे जाते, म्हणून हा लेख ऑस्ट्रेलियापुरताच ठेवला आहे. दुसऱ्या देशाचे नियम वेगळे असतात, आणि एका देशातला अनुभव दुसरीकडे लावणे ही स्वतंत्र चूक आहे.

‘व्हिटॅमिनच तर आहे’ असे धरून चालणे

ऑस्ट्रेलियात औषधे आणि बहुतेक पूरक गोळ्या थेराप्युटिक गुड्स ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे टीजीए या एकाच संस्थेच्या अखत्यारीत येतात. एखादा पदार्थ दुकानात खुला मिळावा, फार्मासिस्टला विचारूनच मिळावा की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळावा, हे त्या पदार्थाच्या नावावरून ठरत नाही, तर पुष्कळदा त्याच्या मात्रेवरून ठरते. आपल्या लोकांची गफलत नेमकी इथे होते, कारण नाशिकच्या मेडिकलमध्ये जे सहज हातात मिळते ते सगळीकडे तसेच असेल असे आपण मनोमन गृहीत धरतो.

व्हिटॅमिन डीचेच उदाहरण घ्या. महाराष्ट्रात डॉक्टर ज्या पुड्या किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा घ्यायला सांगतात, त्यांत बहुधा ६०,००० युनिट असतात. व्हिटॅमिन डीचे ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम, हा हिशोब लक्षात ठेवला तर ही पुडी १,५०० मायक्रोग्रॅमची झाली. ऑस्ट्रेलियात दिवसाला २५ मायक्रोग्रॅमपर्यंतची, म्हणजे १,००० युनिटची कॅप्सूल सुपरमार्केटच्या फळीवर मिळते. आठवड्यातून एकदा घ्यायची १७५ मायक्रोग्रॅमपर्यंतची, म्हणजे ७,००० युनिटची कॅप्सूल फार्मासिस्टकडे मागावी लागते. त्यापुढची मात्रा चिठ्ठीशिवाय मिळत नाही. म्हणजे वहिनींच्या डब्यातली पुडी इथल्या दृष्टीने चिठ्ठीचे औषध होती आणि ती आणायची तर डॉक्टरांचे प्रिस्क्रिप्शन किंवा पत्र सोबत असणे आवश्यक होते.

आत्याने दिलेली झोपेची बाटली मेलाटोनिनची होती. अमेरिकेत मेलाटोनिन आहारपूरक म्हणून विकले जाते आणि तिथल्या दुकानात ते व्हिटॅमिन सीच्या शेजारी दिसते. ऑस्ट्रेलियात ते मुळात चिठ्ठीचे औषध आहे. पंचावन्न किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींना २ मिलिग्रॅमची, हळूहळू विरघळणारी गोळी फार्मासिस्ट देऊ शकतो, अशी थोडी सवलत आहे. वहिनी चाळिशीच्या आहेत, डॉक्टरांनी मेलाटोनिन कधी लिहून दिलेले नाही आणि बाटलीवर लेबल आत्याच्या देशाचे, तेव्हा ती बाटली नाशिकलाच राहिली.

या गटातली एक वस्तू वहिनींच्या डब्यात नव्हती, पण तिचा उल्लेख करायलाच हवा, कारण ती आपल्याकडून येणाऱ्या बऱ्याच स्त्रियांच्या सामानात असते. वंध्यत्वाच्या उपचारांत, विशेषतः बीजांडांचा साठा कमी असेल तेव्हा, आपल्याकडचे डॉक्टर डीएचईएच्या गोळ्या देतात. पाकिटावर ‘न्यूट्रास्युटिकल’ असे लिहिलेले असल्यामुळे ती फोलिक ॲसिडच्या शेजारी ठेवली जाते. ऑस्ट्रेलियाच्या सीमाशुल्क नियमांत मात्र हा पदार्थ स्टेरॉइडच्या वर्गातला मानला जातो आणि त्याच्या आयातीवर नियंत्रण आहे. उपचार चालू असतील तर इथल्या औषध नियंत्रण कार्यालयाकडे आधी लेखी विचारणा करावी आणि लेखी उत्तर हातात येईपर्यंत ती गोळी सामानात घालू नये. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही तारखा सांगून ठेवाव्यात, म्हणजे मध्ये खंड पडला तर काय करायचे हे त्यांच्याकडूनच कळेल.

स्ट्रिपा कापून, डब्यांत ओतून आणणे

आपल्याकडे दहाच्या स्ट्रिपमधून चार गोळ्या कात्रीने कापून देण्याची पद्धत आहे. ती घरात सोयीची असली तरी सीमेवर अडचणीची ठरते. औषधाचे नाव, घटक, बॅच क्रमांक आणि मुदत हा मजकूर स्ट्रिपच्या मागे एका बाजूला छापलेला असतो आणि कापताना नेमका तोच तुकडा दुकानात राहतो. वहिनींच्या डब्यातल्या सात तुकड्यांपैकी दोनच तुकड्यांवरून आतली गोळी कोणती ते सांगता येत होते. एका तुकड्यावर फक्त ‘…बलामिन १५००’ एवढेच उरले होते, ती मिथाइलकोबालामिनची, म्हणजे बी-१२ ची गोळी असणार हे मी ओळखले, पण तपासणीच्या टेबलावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने ते ओळखावे अशी अपेक्षा कशी धरणार?

जागा वाचवण्यासाठी गोळ्या स्ट्रिपमधून काढून एका बाटलीत भरणे हा त्याहून वाईट प्रकार. ओळख तर जातेच, शिवाय मिथाइलकोबालामिनसारखा पदार्थ उजेडात खराब होतो, आणि त्यासाठीच त्याची स्ट्रिप अपारदर्शक असते. पारदर्शक बाटलीत महिनाभर खिडकीशी राहिलेली ती लाल गोळी दिसायला तशीच राहते, म्हणून गुण का येत नाही हे कळत नाही.

भारतीय पाकिटावर आणखी एक गोष्ट वाचायला शिकावी. चौदा आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना असेल तर ती वस्तू भारतात अन्न या वर्गात विकली जाते. औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असेल तर ती औषध आहे. एकाच मात्रेचे व्हिटॅमिन डी आपल्याकडे दोन्ही प्रकारांनी विकलेले मी पाहिले आहे. या फरकाने ऑस्ट्रेलियातले वर्गीकरण बदलत नाही, पण ‘पाकिटावर अन्न लिहिले आहे’ हा युक्तिवाद इथे का चालत नाही ते त्यावरून समजते.

कागदपत्राच्या बाबतीत चुका होतात त्या चिठ्ठीच्या भाषेमुळे. आपले डॉक्टर ब्रँडचे नाव लिहितात आणि पुढे १-०-१ असे मांडतात. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे आपल्याला शाळकरी पोरही सांगेल, इथे मात्र ती खूण कोणाला ठाऊक नसते. म्हणून डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर इंग्रजीत टाइप केलेले पत्र घ्यावे. त्यात पासपोर्टवर आहे तसेच संपूर्ण नाव, प्रत्येक औषधाचे मूळ नाव आणि कंसात ब्रँड, एका गोळीतली मात्रा, दिवसातून किंवा आठवड्यातून किती वेळा घ्यायची, कशासाठी, आणि शेवटी डॉक्टरांचा वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक, सही व तारीख असावी. पासपोर्टवरील नावाचा आग्रह मी मुद्दाम धरतो, कारण वहिनींच्या फाइलवर त्यांचे माहेरचे नाव होते, पासपोर्टवर सासरचे, आणि घरचे डॉक्टर त्यांना ओळखतात ते तिसऱ्याच, हाक मारायच्या नावाने.

तीन महिन्यांचा हिशोब न करणे, आणि दुसऱ्यांसाठी आणणे

प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी, किंवा सोबत प्रवास करणाऱ्या व आपल्या देखभालीखाली असलेल्या व्यक्तीसाठी, तीन महिने पुरेल इतका साठा आणता येतो. ‘तीन महिने’ हे बाटल्यांच्या संख्येने मोजत नाहीत, सांगितलेल्या मात्रेने मोजतात. वहिनींना कॅल्शियम दिवसातून दोनदा होते, तेव्हा नव्वद दिवसांच्या १८० गोळ्या, म्हणजे पंधराच्या बारा स्ट्रिपा झाल्या. संख्या मोठी दिसली तरी त्यात गैर काही नाही, कारण पत्रात ‘दिवसातून दोनदा’ असे लिहिलेले आहे.

व्हिटॅमिन डीचे चित्र उलटे होते. डॉक्टरांनी आठ आठवडे दर आठवड्याला एक आणि नंतर महिन्याला एक पुडी सांगितली होती. निघेपर्यंत पाच घेऊन होणार होत्या. उरलेल्या तीन आठवड्यांच्या तीन आणि पुढे महिन्याच्या दोन, अशा तेरा आठवड्यांसाठी पाच पुड्या पुरेशा होत्या, तर डब्यात होत्या चोवीस. मूठभर पुड्या कोणाला जास्त वाटणार नाहीत, पण महिन्याला एक या हिशोबाने तो दीड वर्षाहून अधिक काळाचा साठा होता. वहिनींनी पाच ठेवल्या आणि बाकीच्या दुकानदाराला परत केल्या.

इथे एक धोका सांगितलाच पाहिजे, जो कस्टम्सचा नाही, तब्येतीचा आहे. परदेशात सगळे दररोज कॅप्सूल घेतात हे पाहून ६०,००० ची पुडी रोज घेतली तर काही आठवड्यांतच रक्तातले कॅल्शियम वाढू शकते. मळमळ, सतत तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता आणि गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे आहेत. पुड्यांच्या खोक्यावर ‘फक्त रविवार’ असे मार्करने लिहून ठेवणे हा माझ्या आईचा उपाय होता, आणि त्याहून चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही.

दुसऱ्यांसाठी आणण्याबद्दल बोलायचे तर आपली माणसे जाणाऱ्याच्या बॅगेत शेजारच्या काकूंच्या लेकीसाठीही दोन बाटल्या ठेवतात. प्रवाशाची सवलत तुमच्यासाठी आणि तुमच्यासोबतच्या कुटुंबीयांसाठी आहे, सिडनीतल्या भाचीसाठी नाही. ‘ह्या कोणाच्या?’ या प्रश्नाला खरे उत्तर दिले तर सवलत लागू होत नाही आणि खोटे दिले तर प्रकरण वाढते. त्याच कारणाने दादाच्या आणि वहिनींच्या गोळ्या मी वेगळ्या पारदर्शक पिशव्यांत ठेवायला लावल्या आणि ज्याचे पत्र त्याच्या पिशवीत, असे केले. सगळ्या घराच्या गोळ्या एका बॅगेत असल्या की कागदोपत्री त्या एकाच माणसाच्या दिसतात.

नंतर पोस्टाने मागवण्याची सोय आहे, पण तिचे नियम वेगळे आहेत. स्वतःसाठी किंवा जवळच्या कुटुंबीयासाठी एका वेळी तीन महिन्यांचा आणि बारा महिन्यांत एकूण पंधरा महिन्यांचा साठा मागवता येतो. मात्र वस्तू चिठ्ठीची असेल तर प्रिस्क्रिप्शन ऑस्ट्रेलियात नोंदणी असलेल्या डॉक्टरांचे लागते. विमानातून येताना चाललेले नाशिकच्या डॉक्टरांचे पत्र कुरिअरच्या पाकिटाला चालत नाही. ‘संपल्या की आई पाठवेल’ हा बेत इथे कोलमडतो, आणि ते कळते तेव्हा पाकीट अडकलेले असते.

कार्डावर ‘नाही’ अशी खूण करणे

विमानात मिळणाऱ्या प्रवासी कार्डावर औषधांबद्दल एक प्रश्न असतो, आणि बिया, वनस्पती, वनस्पतींचे भाग, पारंपरिक औषधे किंवा जडीबुटी यांच्याबद्दल दुसरा. च्यवनप्राश, चूर्ण, काढ्याची भरड, अळीव हे सगळे त्या दुसऱ्या प्रश्नात बसते. दुग्धजन्य पदार्थांचाही वेगळा प्रश्न आहे, त्यात दुधापासून बनवलेली प्रोटीन पावडर येते. मनात शंका आली की ‘हो’ करावे, एवढा साधा नियम मी सगळ्यांना सांगतो. सांगून आणलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते. न सांगता आणलेली सापडली तर हजारो डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो आणि तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाचा व्हिसाही धोक्यात येऊ शकतो.

ही तपासणी मुख्यतः शेतीच्या रक्षणासाठी आहे, हे समजले की तिची रीत उलगडते. कीड, बुरशी, जनावरांचे रोग आणि उगवू शकणारे बी या गोष्टी ते शोधतात. म्हणून कारखान्यात भरलेली, सीलबंद आणि घटकांची नावे छापलेली अश्वगंधाची कॅप्सूल सहसा अडत नाही, आणि तीच अश्वगंधा वर्तमानपत्राच्या पुडीतून वजनावर घेतलेल्या चूर्णाच्या रूपात आली तर ते काय आहे हे सांगायला फक्त तुमचा शब्द उरतो. वहिनींना मी चूर्ण सोडून सीलबंद बाटली घ्यायला सांगितले. जाता जाता हेही सांगतो की अश्वगंधेमुळे क्वचित यकृताला इजा होत असल्याबद्दल टीजीएने सूचना दिली आहे आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. ज्यांना कावीळ होऊन गेली आहे त्यांनी ती सामानात घालण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.

अळिवाबद्दल वहिनींनी माझे ऐकले नाही. ‘लोहासाठी याच्यासारखे काही नाही, आणि तिकडे मिळेल की नाही कोण जाणे’ असे म्हणून त्यांनी अर्धा किलो आणलेच. त्यांनी कार्डावर ‘हो’ लिहिले होते, हे बरे झाले. अधिकाऱ्याने चिमूटभर दाणे पांढऱ्या ताटलीत पसरून पाहिले, हे पेरले तर उगवते का असे विचारले आणि वहिनींनी प्रामाणिकपणे ‘चार दिवसांत’ असे सांगितले. पिशवी ठेवून घेतली गेली, दंड झाला नाही, आणि दहा मिनिटांत दोघे बाहेर आले. च्यवनप्राशची सीलबंद बरणी मात्र लेबल वाचून परत दिली. ती त्यांनी मोठ्या बॅगेत ठेवली होती हेही योग्यच, कारण हातातल्या सामानात शंभर मिलिलीटरच्या वरचा असा लेहासारखा पदार्थ सुरक्षा तपासणीतच अडतो. पर्थला जाणाऱ्यांनी अधिक जपावे, कारण त्या राज्यात बाहेरचा मध आणता येत नाही आणि च्यवनप्राशात मध असतो.

चूर्णे आणि रसायने यांच्यासोबत आपल्या घरांत ‘सर्दी-तापासाठी असू द्या’ म्हणून त्रिभुवनकीर्तीच्या गोळ्या हमखास येतात. त्यांत हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे संयुग असते आणि बचनागही असतो. नावात रस किंवा भस्म असलेली, पारा, शिसे वा सोमल यांच्याशी संबंधित कोणतीही गोष्ट पूरक म्हणून आणू नये. आयुर्वेदिक गोळ्यांमधून शिशाची विषबाधा झाल्याच्या घटनांनंतर इथल्या आरोग्य यंत्रणा याबाबत फार सावध आहेत. सर्पगंधाही इथे चिठ्ठीच्या यादीत आहे, तेव्हा रक्तदाबासाठी किंवा झोपेसाठी दिलेल्या मिश्र गोळीच्या घटकांत ते नाव आहे का ते पाहून घ्यावे.

नवीन देशात नाव पाहून गोळी घेणे

सामान सुखरूप आले म्हणजे प्रश्न संपला असे नाही, कारण तीन महिन्यांनी साठा संपतो आणि मग खऱ्या अर्थाने पर्याय शोधावा लागतो. त्यात लोक सर्वप्रथम ब्रँडचे नाव शोधतात, आणि तिथेच फसतात. न्यूरोबियॉन हे नाव अनेक देशांत आहे. भारतातल्या न्यूरोबियॉन फोर्टमध्ये बी-६ अवघे ३ मिलिग्रॅम असते, तर आग्नेय आशियातल्या देशांत त्याच नावाच्या गोळीत ते १०० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही अधिक असू शकते. बी-६ दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतले तर हातापायांच्या नसांना इजा होते, म्हणजे मुंग्या येतात म्हणून घेतलेली गोळीच मुंग्यांचे कारण बनू शकते. सिंगापूर किंवा बँकॉकला विमान बदलताना तिथल्या दुकानातून ओळखीच्या नावाची बाटली घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

वहिनींच्या व्हिटॅमिन डीचे पुढे काय झाले ते सांगतो. पाच पुड्या मे महिन्यात संपल्या. त्यांनी सुपरमार्केटमधून १,००० युनिटच्या कॅप्सूलची बाटली आणली आणि सवयीप्रमाणे दर रविवारी जेवणानंतर एक घ्यायला सुरुवात केली. नाव तेच, डॉक्टरांनी सांगितलेले डी-३ तेच, म्हणून त्यांना शंका आली नाही. महिन्याला ६०,००० याचा अर्थ सरासरी दिवसाला २,०००, आणि त्या घेत होत्या आठवड्याला १,०००, म्हणजे ठरलेल्या मात्रेचा सुमारे चौदावा भाग. त्यातून मेलबर्नचा हिवाळा, जून ते ऑगस्ट, जेव्हा सूर्य दिसला तरी अंगावर चार कपडे असतात.

सप्टेंबरमध्ये त्यांनी इथे रक्त तपासले आणि आनंदाने फोन केला, ‘भाऊजी, निघताना ३१ होते, आता ४५ आले!’ मी त्यांना अहवालावरचे एकक वाचायला सांगितले. भारतात व्हिटॅमिन डी नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरमध्ये देतात, ऑस्ट्रेलियात नॅनोमोल प्रति लिटरमध्ये. इथला आकडा अडीचने भागला की आपल्याकडचा आकडा मिळतो. पंचेचाळीसचे झाले १८, म्हणजे पातळी एकतीसवरून बरीच खाली आली होती. इथल्या मापाने ५० च्या खाली ती कमीच धरतात. त्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही अहवाल शेजारी ठेवून पाहिले आणि रोज दोन कॅप्सूल, म्हणजे २,००० युनिट घ्यायला सांगितले. बी-१२ च्या अहवालातही हाच घोळ होतो, फक्त आकडा उलट्या दिशेने फसवतो: भारतातले ३०० इथे साधारण २२१ दिसतात आणि माणूस विनाकारण घाबरतो.

लोहाच्या गोळ्यांत वेगळा सापळा आहे. वहिनींची भारतातली गोळी फेरस ॲस्कॉर्बेटची होती आणि तिच्यावर १०० मिलिग्रॅम मूळ लोह व १.५ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड असे छापलेले होते. इथे सुपरमार्केटच्या फळीवर ‘आयर्न’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या कॅप्सूलमध्ये बहुधा २४ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. रक्तक्षय असलेल्या माणसाने ती रोज एक घेतली तर हिमोग्लोबिन का वाढत नाही या कोड्यात महिने जातात. फार्मसीत मागितल्यावर मिळणाऱ्या एका गोळीवर मात्र ३२५ मिलिग्रॅम हा आकडा दिसतो आणि ती तिप्पट असेल असे वाटते. तो आकडा फेरस सल्फेट या क्षाराचा आहे, त्यातले मूळ लोह १०५ मिलिग्रॅम, म्हणजे नाशिकच्या गोळीच्या जवळपास. लेबलवर ‘इक्विव्हॅलंट टू’ या शब्दांनंतर येणारा आकडा हाच तुलनेचा आकडा, कॅल्शियमलाही हाच नियम लागू आहे: १,२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. फोलिक ॲसिड इथल्या लोहाच्या गोळीत असेलच असे नाही, ते वेगळे घ्यावे लागते का हे डॉक्टरांना विचारावे, आणि गर्भधारणेचा विचार असेल तर न विसरता विचारावे.

इथल्या खऱ्या बाटलीची खूण म्हणजे लेबलवरचा `AUST L` किंवा `AUST R` आणि त्यापुढचा क्रमांक. तो टीजीएच्या संकेतस्थळावरच्या नोंदवहीत टाकला की घटकांची संपूर्ण यादी उघडते, जिलेटिनसह. शाकाहारी माणसांना ही नोंद फार उपयोगी पडते, कारण भारतातला हिरवा ठिपका इथल्या बाटलीवर नसतो आणि तेलासारख्या पदार्थाच्या मऊ कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचेच असते. डी-३ सुद्धा साधारणपणे मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. ते ज्यांना चालत नाही त्यांनी दगडफुलाच्या जातीपासून बनवलेले, ‘व्हीगन’ असे छापलेले डी-३ घ्यावे. `AUST L` चा अर्थ घटक सुरक्षित समजले जातात आणि उत्पादन दर्जानुसार झाले आहे, इतकाच. गुण येतोच असे कोणी स्वतंत्रपणे तपासलेले नसते.

फार्मसीत येताना रिकामी का असेना, भारतातली अखंड स्ट्रिप घेऊन या, असे मी ओळखीच्या सगळ्यांना सांगतो. मागच्या बाजूचा मजकूर पाहून आम्ही पाच मिनिटांत जवळचा पर्याय सांगू शकतो. वहिनींनी आता प्रत्येक भारतीय गोळीची एक स्ट्रिप पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवली आहे, आणि व्हिटॅमिनच्या बाटलीवर मार्करने लिहिले आहे, ‘रविवार नाही. रोज दोन.’